पिनचे पैसे लावले नाहीत

काल रात्री साडेअकरापर्यंत मी ४३ संचांच्या पिना उपसत बसले होते. उजव्या अंगठ्याचं नख अजून ठणकतंय.

बी.एड.ला छोटंसं संशोधन करावं लागतं. आठवीच्या एका वर्गाला गणिताची किती धास्ती वाटते, याची २० प्रश्नांची प्रश्नावली मी तयार केली. त्यासाठी समितीची नैतिक मान्यता लागते. 'नैतिक' ऐकून आईला वाटलं, माझं बाहेर कुठंतरी काहीतरी चाललंय.

अर्ज दोनदा परत आला. पहिल्यांदा, मी फक्त पालकांची संमती ठेवली होती म्हणून. तेरा-चौदा वर्षांच्या पोरांची स्वतःची लेखी अनुमतीही हवी. घरचे हो म्हणाले तरी पोरगं नाही म्हणू शकतं. हे पटलं. दुसऱ्यांदा मात्र मीच माझ्या पायावर धोंडा पाडला होता. एका पानावर लिहिलं होतं, 'नाव कुठेही लिहायचे नाही.' पुढच्या पानावर, 'विद्यार्थी कधीही माघार घेऊ शकतो.' समितीतल्या मॅडमनी शांतपणे विचारलं, "मग माघार घेणाऱ्याचा कागद तू गठ्ठ्यातून काढणार कसा? वासावरून?" राग आला. त्या बरोबर होत्या, म्हणून जास्तच आला.

शेवटी असं ठरलं: प्रश्नावलीवर फक्त सांकेतिक क्रमांक. कुठला क्रमांक कोणाचा, याची यादी एकच, आणि ती वेगळ्या कुलपात. सह्यांची पत्रं तिसरीकडे. माघार घ्यायची मुदत १० तारखेपर्यंत. त्यानंतर यादी फाडायची, म्हणजे कागद कोणाचा ते मलाही कळणार नाही. हे सगळं पत्रात आधीच सांगायचं. एवढा खटाटोप चौदाव्या प्रश्नासाठी: 'उत्तर चुकलं की सर वर्गात हसं करतात.' नाव फुटणार असेल तर कुठलं पोरगं 'सहमत' लिहील?

मान्यता मिळाली. कुलूपबंद कपाट आहे का, हे कॉलेजनं तीनदा विचारलं. प्रिंटरला मात्र एकदाही हात लावू दिला नाही. (कपाट म्हणजे आमच्या घरची ट्रंक. तिच्यात बहिणीचे घागरे आहेत.) म्हणून सगळ्या फायली व्हॉट्सअ‍ॅपवर गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याला पाठवल्या. यादीसकट. हो, यादीसकट. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या.

संध्याकाळी गेले, तर त्यानं संमतीपत्र, अनुमतीपत्र आणि प्रश्नावली असे सेट लावून पिना मारून ठेवलेले.

"अहो, हे वेगवेगळं ठेवायचं होतं!"

"सुट्टं नेलं की पोरं हरवत्यात ओ मॅडम. म्हणून पिन मारली. पिनचं पैसं लावलं न्हाईत."

"सहीचा कागद आणि उत्तराचा कागद एकत्र राहता कामा नये."

"मग कुणाचं उत्तर कुणाचं, कळायचं कसं?"

"कळायलाच नको आहे."

हातउसने देऊन 'लिहून नको' म्हणणाऱ्या माणसाकडे बघावं, तसं त्यानं माझ्याकडे बघितलं. मग एक सेट उचलून चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि चौदावा प्रश्न मोठ्यानं वाचला. सातबाऱ्याच्या झेरॉक्सला आलेले एक काका लगेच म्हणाले, "हसं? आमच्या वेळी थेट छडी. 'सहमत' लिवा माझं." त्यांच्याशेजारच्याला 'अंशतः सहमत' लिहायचं होतं. माझं सर्वेक्षण सुरू झालं होतं, कोणाच्याही संमतीशिवाय.

तेवढ्यात झेरॉक्सवाल्याचं बोट यादीवर थांबलं. "तेवीस नंबर! ही तर आमच्या मेव्हणीची पोरगी की! काय लिवतीया ते तेवढं गुपचूप सांगा बरं का."

मी डोकावले. त्याच्या कॉम्प्युटरवर माझी 'यादी फायनल २' एका लग्नपत्रिकेच्या आणि कोणाच्या तरी आधार कार्डाच्या मधोमध निवांत बसली होती.

"ती काढून टाका आधी."

"टाकतो की. पण परत लागली तर?"

त्यानं ती काढली. कचरापेटीतूनही काढायला लावली. तरी व्हॉट्सअ‍ॅपमध्ये होतीच. तीही माझ्यासमोर पुसायला लावली. तो दुखावला. "लोक हितं जमिनीचं कागद ठेवून जात्यात मॅडम, आणि तुमचं पोरांचं गणित!" त्याचं चुकलं असं मला धड म्हणताही येईना. फाईल पाठवणारी मीच. आणि डेटा साठवणुकीच्या योजनेत पासवर्डवर अख्खा परिच्छेद लिहिणारीही मीच.

आता सगळ्यांचे क्रमांक बदलायचे, आणि नवी यादी हातानं लिहायची. शिवाय मंजूर योजनेपेक्षा काही वेगळं घडलं तर समितीला कळवावं लागतं. त्याचा वेगळा अर्ज असतो. तो आज भरला. त्याच्या तीन प्रती जोडायच्या आहेत.

गल्लीत झेरॉक्सचं दुकान एकच.