प्रतिक्रियेला उत्तर: डायलिसिसवाल्या काकांच्या अर्ध्या गोळ्या आणि वहिनींचं बाळ

प्रतिक्रिया: मॅडम, लेख वाचला पण पटला नाही. गरोदर बाईला टीबीच्या चारही गोळ्या फुल डोस, आणि किडनी फेल असलेल्यालाही "डोस कमी करू नका"? माझ्या काकांचं सोम-बुध-शुक्र डायलिसिस असतं, वजन साठ किलो. त्यांच्या रोज चार गोळ्या होत्या, डॉक्टरांनी दोन केल्या, तेच बरोबर वाटतं. वहिनींना टीबी निघालाय, बाळ दोन महिन्यांचं, घरच्यांनी पाजणं बंद केलंय. असले लेख वाचून लोक जीव धोक्यात घालतील.

उत्तर:

रागावलात ते समजू शकते, घरात एकदम दोन पेशंट म्हणजे डोकं ठिकाणावर राहत नाही. पण काकांच्या दोन गोळ्यांचा हिशोब आधी करू, कारण मला खरी काळजी तिथली वाटते. मी औषधांच्या खिडकीमागे बसणारी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे हे वाचून घरच्या घरी काही बदलू नका, कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवा.

सरकारी पाकिटातल्या त्या एका गोळीत चार औषधं असतात. आयसोनियाझिड 75 मिलिग्रॅम, रिफॅम्पिसिन 150, पायराझिनामाइड 400 आणि इथॅम्ब्युटॉल 275. साठ किलोच्या माणसाला रोज चार गोळ्या, म्हणजे 300, 600, 1600 आणि 1100. आता यातली पहिली दोन मुख्यतः लिव्हरमधून निकाली निघतात, किडनी बंद असली तरी त्यांना फारसा फरक पडत नाही, म्हणून ती रोज आणि पूर्णच द्यायची असतात. भानगड उरलेल्या दोघांची आहे. इथॅम्ब्युटॉल बरंचसं लघवीवाटेच जातं आणि पायराझिनामाइडचे लिव्हरने तोडलेले तुकडेही किडनीतूनच बाहेर पडतात, किडनी बंद तर दोन्ही अंगात साचत राहतात.

म्हणून डायलिसिसच्या पेशंटला ही दोन औषधं आठवड्यातून तीनदाच देतात, पण त्या दिवशी मात्र पूर्ण ताकदीने. पायराझिनामाइड किलोमागे 25 ते 35 मिलिग्रॅम, इथॅम्ब्युटॉल 15 ते 25. काकांच्या वजनाला साधारण 1500 आणि 1000 बसतं. मिलिग्रॅम कमी न करता दिवस का कमी करायचे, तर औषध रक्तात एकदा तरी पुरेसं वर चढावं लागतं तेव्हा जंतू मरतात, थोडं थोडं रोज दिलं तर ते वर चढतच नाही आणि साचायचं ते साचतंच.

आता दोन गोळ्यांचं बघा. रिफॅम्पिसिन 600 ऐवजी 300 झालं, आयसोनियाझिड 150, म्हणजे जी दोन औषधं कमी करायची गरजच नव्हती तीच निम्मी झाली. आणि इथॅम्ब्युटॉल? रोज 550, आठवड्याचे 3850. तीन दिवसांच्या पद्धतीत आठवड्याचे 3000च होतात. म्हणजे जे साचतं ते अजूनही जास्तच जातंय आणि जे जंतू मारतं ते कमी पडतंय, उद्या रेझिस्टन्स आला तर त्याचं मूळ इथंच असेल. दोन्हीकडून तोटा! त्या एकत्र गोळीचा दोष एवढाच की तिच्यातलं एक औषध कमी करून दुसरं तसंच ठेवता येत नाही. काकांना सुट्या गोळ्या लागतील, जिल्हा क्षयरोग केंद्रात त्यांची मागणी करायला सांगा.

तीन दिवस म्हटलं की काही जुने पेशंट बिचकतात, "ती जुनी पद्धत ना?" म्हणून. 2017 च्या आधी आपल्याकडे सगळ्यांनाच दिवसाआड गोळ्या मिळायच्या हे खरं, पण तेव्हा चारही औषधं तशी होती, काकांची फक्त दोन असतील.

वेळ पण सांभाळा. सोम-बुध-शुक्र डायलिसिस झाल्यावरच द्यायची, आधी घेतली तर पायराझिनामाइडचा बराच भाग मशीन धुऊन काढतं. सगळी औषधं त्याच वेळी घेतली तर तीन दिवस घोळ होत नाही, बाकी दिवशी फक्त आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन.

साचलेल्या इथॅम्ब्युटॉलचा पहिला फटका डोळ्यांना बसतो. पेपरची अक्षरं पुसट, लाल-हिरव्यात गोंधळ. काकांना दर महिन्याला एक डोळा झाकून एकेका डोळ्याने वाचायला लावा, दोन्ही उघडे ठेवले तर एका डोळ्याचं बिघडलेलं दुसरा झाकून नेतो. फरक वाटला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. पायात मुंग्या आल्या तर "शुगरमुळे असेल" म्हणून सोडू नका, आयसोनियाझिडमुळेही येतात, त्यासाठी बी-सहा म्हणजे पायरिडॉक्सिन सोबत चालू हवं. आणि बीपीची गोळी ॲम्लोडिपिन असेल तर रिफॅम्पिसिन तिचा असर कमी करतं, बीपी वर गेलं की घरचे डायलिसिसला दोष देतात. बीपीची वही ठेवा. रिफॅम्पिसिन थांबल्यावर उलटं होतं, वाढवलेली बीपीची गोळी मग जास्त होते.

गरोदर बाईला हे काहीच लागू नाही. तिची किडनी बंद नसते, उलट गरोदरपणात नेहमीपेक्षा जास्त गाळते, मग औषध साचणार कुठून? चारही औषधं वजनाप्रमाणे, सोबत पायरिडॉक्सिन. टाळायचं ते स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन, त्याने पोटातल्या बाळाची ऐकण्याची नस खराब होऊ शकते. अमेरिकेत पायराझिनामाइडबद्दल हात आखडता ठेवत आलेत, ते वगळलं तर कोर्स नऊ महिने चालवतात, आपल्याकडे आणि डब्ल्यूएचओच्या यादीत ते आहे. खरी अडचण ओकाऱ्यांची. गरोदरपणाची ओकारी आणि गोळ्यांनी लिव्हर सुजल्याची ओकारी दिसायला सारखीच, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतरही उलट्या थांबत नाहीत, जेवण जात नाही, डोळे पिवळे दिसतायत तर लिव्हरची टेस्ट लगेच. त्रास होत असताना त्या टेस्टमधलं एएलटी नॉर्मलच्या तिप्पट, किंवा काही त्रास नसतानाही पाचपट झालं तर डॉक्टर गोळ्या थांबवून एकेक करून पुन्हा सुरू करतात. अर्धी मात्रा हा तिथेही उपाय नाही.

वहिनींचं. साधा टीबी असेल, औषधांना दाद देणारा, तर पाजणं बंद करायचं कारण नाही. दुधातून जाणारं औषध इतकं थोडं की बाळाला त्रास होत नाही, पण त्याच कारणाने बाळाचं रक्षणही होत नाही, हे दुसरं वाक्य लोक विसरतात आणि "आईच्या दुधातून औषध जातंच की" म्हणून निर्धास्त राहतात. धोका दुधातून नाही, खोकल्यातून आहे. म्हणून पाजताना मास्क, खोलीची खिडकी उघडी, आणि बाळाला आधी डॉक्टरांना दाखवायचं. त्याला टीबी नाही हे नक्की झालं की प्रतिबंधासाठी आयसोनियाझिड, किलोमागे 10 मिलिग्रॅमच्या हिशोबाने सहा महिने, सोबत बी-सहा. मात्रा बालरोगतज्ज्ञच ठरवतील, वजन वाढतं तशी ती बदलते. औषधांना न जुमानणारा टीबी असेल तर प्रश्न वेगळा, तेव्हा बाळ काही दिवस वेगळं ठेवायचं का ते त्यांनाच विचारा.

आणखी एक, वहिनी गर्भनिरोधक गोळ्या घेणार असतील तर रिफॅम्पिसिनसोबत त्या भरवशाच्या नाहीत, कॉपर-टी किंवा निरोध बघा.

दूध बंद करून किती दिवस झाले ते लिहिलं नाहीत. आठवडाभरच असेल तर परत लागू शकतं, बाळाला दिवसातून आठ-दहा वेळा लावत राहायचं. आणि काकांच्या सुट्या गोळ्यांसाठी या सोमवारी डायलिसिसला जाल तेव्हा वरचा हिशोब डॉक्टरांना दाखवा, लेखी लिहून घेतलेलं केंद्रावर लागेल.