भाव जागेवर आणि ओबीव्ही वर, म्हणजे गुपचूप खरेदी चालू आहे का?

"कॉइन तीन आठवडे एकाच रेंजमध्ये आहे पण ओबीव्ही रोज वर चाललाय. म्हणजे व्हेल लोक गुपचूप माल गोळा करतायत, वॉल्यूम खोटं बोलत नाही. डायव्हर्जन्स जितका लांब तितका पंप मोठा. ब्रेकआउट वरच होणार, आत्ताच घेऊन ठेवा."

हा मेसेज इतक्या जणांनी पुढे पाठवलाय की उत्तर नीट बसून द्यावंसं वाटलं. एकेक वाक्य घेतो.

आधी "ओबीव्ही रोज वर चाललाय" हे. ओबीव्ही, म्हणजे ऑन बॅलन्स वॉल्यूम, मोजतात कसा ते बघा, कारण सगळी गडबड तिथेच आहे. आजचा क्लोज कालच्या क्लोजपेक्षा वर असेल तर आजचं अख्खं वॉल्यूम बेरजेत टाकायचं, खाली असेल तर अख्खं वजा करायचं, सारखाच असेल तर काहीच नाही. बस. जोसेफ ग्रॅनव्हिलने 1963 मध्ये शेअर बाजारासाठी हे लोकांपुढे आणलं आणि आजही हिशोब तोच आहे. भाव किती वर गेला याला यात काही किंमत नाही, दहा टक्के वर गेला काय आणि केसभर वर गेला काय, वॉल्यूम पूर्णच जमा होतं.

आता एक उदाहरण, आकडे समजण्यासाठी मी बनवलेत. भाव डॉलरमध्ये, वॉल्यूम लाख कॉइनमध्ये, आधीचा क्लोज 1.000 आणि ओबीव्ही शून्यापासून धरलाय.

```
दिवस  क्लोज   वॉल्यूम  ओबीव्ही
1     1.010    8       +8
2     0.995   10       -2
3     1.005    9       +7
4     0.990   11       -4
5     0.992   60      +56
6     0.985    9      +47
7     1.002   10      +57
8     0.998    8      +49
```

भाव 1.000 वरून 0.998, म्हणजे जागेवरच. ओबीव्ही शून्यावरून 49 लाख वर. अगदी मेसेजमधल्यासारखा चार्ट. पण पाचव्या दिवशी काय झालं ते बघा. समजा त्या दिवशी संध्याकाळी भाव 1.040 पर्यंत उडाला, वर जोरात विक्री आली आणि रात्री 0.992 ला बंद झाला. कॅंडलला वर ही लांब शेपटी. ज्याने हा चार्ट लाइव्ह बघितला तो म्हणेल वर कोणीतरी माल टाकला, पण ओबीव्ही म्हणतो 60 लाख जमा, कारण क्लोज कालच्यापेक्षा 0.002 ने वर आहे. तोच क्लोज 0.989 असता तर हेच 60 लाख वजा झाले असते आणि आठव्या दिवशी ओबीव्ही +49 च्या जागी -71 दिसला असता. 0.003 डॉलरच्या फरकाने "गोळा करतायत" चं "विकून बाहेर पडतायत" झालं असतं! आणि पाचवा दिवस सरळ काढून टाकला तर उरतं -11, म्हणजे बाकीच्या सात दिवसांत खरेदीचा मागमूसही नाही.

क्रिप्टोत याच्यावर आणखी एक गोष्ट येते जी शेअरमध्ये इतकी टोचत नाही. शेअर बाजार रोज ठरलेल्या वेळेला बंद होतो, क्लोजला काहीतरी अर्थ असतो. कॉइन चोवीस तास चालतं, बहुतेक चार्टवर दिवस संपतो यूटीसी रात्री बाराला आणि त्या मिनिटाला बाजार काही बंद होत नाही, ट्रेडिंग चालूच असतं. आता वरच्याच उदाहरणात दिवस चार तास आधी संपवा. समजा तोपर्यंत 40 लाखाचं ट्रेडिंग होऊन भाव 1.030 ला होता आणि उरलेले 20 लाख, म्हणजे खाली पडतानाचे, सहाव्या दिवसात गेले. बाकी दिवसांचे शेवटचे चार तास शांत होते असं धरू. आता पाचवा दिवस +40, सहावा -29 आणि आठव्या दिवशी ओबीव्ही येतो 9. ट्रेड तेच, लोक तेच, फक्त घड्याळ हललं आणि 49 चे 9 झाले. म्हणून मी पहिलं काम हेच करतो, डेली सोडून चार तासांच्या आणि एक तासाच्या कॅंडलवर तोच काळ बघतो. चढ सगळीकडे दिसला तर पुढे विचार करायचा, एकाच टाइमफ्रेमवर दिसला तर तो क्लोजच्या वेळेचा खेळ आहे.

"डायव्हर्जन्स जितका लांब तितका पंप मोठा" हे तर वरच्या टेबलवरूनच सुटतं. ओबीव्ही म्हणजे चालू बेरीज, एकदा आत गेलेले 60 लाख पुढे कायम आतच राहतात. त्यानंतर महिनाभर काहीही झालं नाही तरी रेषा वरच उभी दिसणार आणि डायव्हर्जन्स "लांब" होत जाणार. लांबी वाढली म्हणून नवीन पुरावा काही जमला नाही. शिवाय चार्ट ओबीव्हीची पट्टी आपोआप ताणतो, त्यामुळे छोटा चढही डोंगर दिसतो. चढ रोजच्या सरासरी वॉल्यूमने भागून बघा. इथे सरासरी साधारण 15.6 लाख, म्हणजे 49 लाखाचा तो डोंगर जेमतेम तीन दिवसांच्या ट्रेडिंगएवढा आहे. मी आणखी एक करतो, कुठलाही दिवस मधल्या वॉल्यूमच्या, म्हणजे मीडियनच्या, दुपटीपेक्षा जास्त मोजायचा नाही. इथे मीडियन 9.5, दुप्पट 19, मग पाचवा दिवस 60 च्या जागी 19 धरला की शेवटी उरतात फक्त 8 लाख.

आता "वॉल्यूम खोटं बोलत नाही". हे वाक्य वाचून खरंच राग येतो कारण यातच माझे पैसे गेलेत. एका छोट्या कॉइनमध्ये ओबीव्ही असाच तीन आठवडे चढत होता, मी घेतलं, आणि नंतर कळलं की ते जिथे ट्रेड होत होतं त्या एक्स्चेंजवर जास्त वॉल्यूम करणाऱ्यांना बक्षीस अशी स्पर्धा चालू होती. लोक स्वतःच घेत होते स्वतःच विकत होते, स्पर्धा संपली, वॉल्यूम आटलं आणि भाव रेंजच्या खालून निसटला. 2019 मध्ये बिटवाइज या क्रिप्टो फंड कंपनीने अमेरिकेच्या बाजार नियामक एसईसीपुढे जे मांडलं त्यात बिटकॉइनच्या दाखवल्या जाणाऱ्या वॉल्यूमपैकी सुमारे 95 टक्के खोटं किंवा आर्थिक अर्थ नसलेलं आहे असा त्यांचा दावा होता. बरं, फसवणूक नसली तरी वॉल्यूम फुगतं. बायनान्सने जुलै 2022 मध्ये बिटकॉइनच्या स्पॉट ट्रेडिंगवरची फी शून्य केली आणि मार्च 2023 मध्ये बहुतेक जोड्यांवर ती परत लावली, तिथलं वॉल्यूम लगेच कोसळलं. म्हणजे त्या मधल्या महिन्यांतला ओबीव्ही आणि नंतरचा ओबीव्ही एकाच रेषेत वाचणं चूक आहे, मोजमापाची पट्टीच बदलली होती. म्हणून एकाच एक्स्चेंजवरचा ओबीव्ही कधीच पुरेसा धरू नका, दोन-तीन मोठ्या ठिकाणचा स्पॉट वेगवेगळा बघा, आणि पर्पेच्युअल फ्युचर्सचा तर यात धरूच नका, तिथे कॉइन कोणाच्या पाकिटात जमा होत नाही, पोझिशन उघडतात आणि बंद होतात.

सगळ्यात महत्त्वाचं "गुपचूप". जरा विचार करा, ज्याला खरंच गुपचूप माल घ्यायचाय तो काय करेल? मार्केट ऑर्डर मारून भाव वर ढकलणार नाही, स्वतःलाच महाग पडेल. तो रेंजच्या तळाशी लिमिट ऑर्डर लावून शांत बसेल आणि घाबरून विकणाऱ्यांचा माल घेत राहील. म्हणजे टेकर, मार्केट ऑर्डर मारणारे, आहेत ते विकणारे, आणि वॉल्यूम जास्त दिसणार ते खाली जाण्याच्या दिवशी. असल्या खरेदीत ओबीव्ही सपाट राहू शकतो, खालीही जाऊ शकतो! आणि उलट चित्र घ्या, वर जाण्याच्या दिवशी भरपूर वॉल्यूम, लोक हौसेने मार्केट ऑर्डरने घेतायत, तरी भाव पुढे सरकत नाही. मग एवढा माल देतंय कोण? वायकॉफ नावाच्या जुन्या शेअर बाजार अभ्यासकाच्या पद्धतीत याला कष्ट आणि फळ यांची तुलना म्हणतात, कष्ट खूप आणि फळ नाही तर समोर कोणीतरी अडवून बसलंय. म्हणजे ज्या चार्टला मेसेजमध्ये खरेदी म्हटलंय तोच चार्ट वाटपाचा, म्हणजे वर माल देऊन बाहेर पडण्याचाही असतो, आणि नुसता ओबीव्ही बघून यातलं कुठलं ते कळत नाही.

कळायला थोडी मदत टेकर वॉल्यूमची होते. काही एक्स्चेंज प्रत्येक कॅंडलसोबत टेकर खरेदी किती ते देतात, त्यावरून डेल्टा, म्हणजे टेकर खरेदी वजा टेकर विक्री:

```
delta = 2 * takerBuyVolume - volume
```

याची बेरीज करत जा आणि भावासोबत ठेवा. डेल्टा खाली खाली चाललाय, म्हणजे लोक मार्केट ऑर्डरने विकतायत, तरी रेंजचा तळ तुटत नाही, असं दोन-तीन वेळा झालं तर खाली कोणीतरी घेतंय असं म्हणायला जागा आहे. डेल्टा वर चाललाय आणि भाव रेंजच्या वरच्या टोकाला प्रत्येक वेळी मागे फिरतोय, तर मी खरेदीला हात लावत नाही. इथेही वॉश ट्रेडिंगने, म्हणजे स्वतःच घेऊन स्वतःच विकण्याने, आकडे बिघडतातच, म्हणून आधी वॉल्यूमचा सोर्स तपासायचा मग डेल्टा.

ओबीव्ही फेकून द्या असं मी म्हणत नाहीये. चढ बऱ्याच साध्या दिवसांनी मिळून आलाय, सगळ्यात मोठा दिवस काढला तरी टिकतोय, दोन-तीन एक्स्चेंजवर आणि वेगवेगळ्या टाइमफ्रेमवर दिसतोय, आणि रेंजच्या खालच्या टोकाला प्रत्येक फेरीत वॉल्यूम कमी होत चाललंय, असं सगळं जुळलं तर मीही त्या कॉइनवर लक्ष ठेवतो. फक्त लक्ष.

आणि "ब्रेकआउट वरच होणार, आत्ताच घ्या" याबद्दल. रेंजच्या मध्यावर घेतलं तर स्टॉप तळाच्या खाली लावावा लागतो, म्हणजे 0.985 ते 1.010 अशा रेंजमध्ये 0.998 ला घेऊन जाणारे आणि मिळणारे पैसे जवळपास सारखेच, त्यातून फी वेगळी. ज्याला हा ट्रेड घ्यायचाच आहे त्याने एकतर तळाजवळ विक्री जिरताना दिसेपर्यंत थांबावं, नाहीतर रेंजच्या वर क्लोज होऊन परत येताना भाव तिथे टिकतो का ते बघावं. आणि तळाखाली क्लोज झाला तर ओबीव्ही कितीही वर असू दे, बाहेर पडा.