मेडिकल बिल पास करून घ्यायचंय? मग आधी आजारपण नीट प्लॅन करा

सगळ्यात आधी एक लक्षात घ्या, ऑफिसला तुमच्या शुगरशी काही घेणंदेणं नाही, त्यांना तारखेशी आहे. त्यामुळे ताप रविवारी रात्री आला, गोळ्या लगेच आणल्या आणि डॉक्टरकडे सोमवारी गेलात तर झालं कल्याण, बिल चिठ्ठीच्या आधीचं म्हणून परत येणार. शहाणा माणूस आधी चिठ्ठी करतो मग कण्हतो.

चिठ्ठीवर पेशंटचं पूर्ण नाव, तारीख, डॉक्टरचा सही-शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबर हवाच. मेडिकलवाला घाईत बिलावर नुसतं 'कॅश' टाकतो, त्याला नाव टाकायला सांगा, मागची रांग काय म्हणायचं ते म्हणेल. ब्रँड नाही म्हणून तेच औषध दुसऱ्या कंपनीचं दिलं असेल तर डॉक्टरकडून चिठ्ठीवर तसं लिहून आणा, कारण बिलं तपासणारे साहेब आतलं औषध बघत नाहीत, स्पेलिंग बघतात.

आता हिशोब बघा. समजा 1,840 चं बिल आहे. त्यात शुगरच्या 60 गोळ्या 960 च्या, व्हिटॅमिन डी 240, प्रोटीन पावडर 560 आणि सॅनिटायझर 80. पावडर आणि सॅनिटायझर हे औषध नाही, गेले 640. व्हिटॅमिन डॉक्टरनेच लिहिलंय हो, पण आमच्याकडे ते 'सप्लिमेंट'मध्ये बसतं, गेले 240. राहिले 960, म्हणून खुश होऊ नका, चिठ्ठीवर 1-0-1, 15 दिवस लिहिलंय म्हणजे 30 गोळ्या, तुम्ही महिन्याच्या एकदम आणल्यात, म्हणजे शिस्तीत वागलात, त्याची शिक्षा 480, पास झाले उरलेले 480. आणि डॉक्टरची 500 फी? ती पावती नंबर नसलेल्या कागदावर आहे, तो कागद जपून ठेवा, नातवंडांना दाखवायला.

ओरिजिनल बिलच लागतं, झेरॉक्स चालत नाही, पण झेरॉक्स काढा मात्र त्याच दिवशी, कारण थर्मल कागदावरची अक्षरं क्लेम पास होण्याआधीच उडून जातात आणि मग साहेब कोरा कागद उजेडात धरून 'यात काय आहे' असं तुम्हालाच विचारतात. काही हुशार मंडळी बिल टिकावं म्हणून लॅमिनेट करतात, तेही करून बघा एकदा, मशीनच्या गरमीने अख्खं बिल काळं होऊन बाहेर येतं.

आणि ते 15,000 पर्यंत बिलं दाखवून टॅक्स वाचायचा ना, ते विसरा, 2018-19 पासून ती सवलत बंद होऊन त्याजागी सरसकट 40,000 चं स्टँडर्ड डिडक्शन आलं, नंतर ते वाढलंही. म्हणजे साध्या दवाखान्याचे हे 480 तुमच्या पगारात मिळवले जाणार आणि त्यावर टॅक्सही लागणार. तेवढ्यात उरलेल्या 30 गोळ्यांसाठी नव्या तारखेची चिठ्ठी आणायची असेल तर डॉक्टरची फी परत 500, यावेळी पावती नंबर बघून घ्या.