गोळीची तुलना नेमकी कशाशी करायची? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

"मॅडम, लेख वाचून राग आला. आधीच बायका गर्भनिरोधक गोळ्यांना घाबरतात, त्यात तुम्ही पक्षाघाताची भीती घातलीत. लाखात तीस-चाळीस म्हणजे काय धोका झाला? त्यापेक्षा गरोदरपणात जास्त धोका असतो, तो का नाही लिहिलात? मी ३३ वर्षांची आहे, पीसीओएससाठी चार वर्षं गोळ्या घेते. माझ्या डॉक्टर म्हणाल्या, लो डोस आहे, काही होत नाही. डोकं कोणाचं दुखत नाही? मलाही उन्हातून आलं की डोळ्यांपुढे नागमोडी चमचम होते, वीसेक मिनिटांनी जाते, मग पित्त होऊन डोकं दुखतं. आईलाही व्हायचं. म्हणून काय गोळ्या सोडायच्या? पुढच्या एक-दोन वर्षांत मूल हवंय, आत्ता नको. मग करायचं काय?"

ताई, डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमचम होणारी अर्धशिशी असेल, तर गर्भनिरोधक गोळीने पक्षाघाताचा धोका वाढतो, असं मी त्या लेखात लिहिलं होतं. त्या वादाचं नंतर बोलू. आधी एक काम करा. आज रात्रीची गोळी घेऊ नका. पाकीट संपेपर्यंतही थांबू नका. दोन-तीन दिवसांत पाळीसारखा रक्तस्राव होईल, त्याला घाबरू नका. दुसरं साधन ठरेपर्यंत निरोध वापरा आणि या आठवड्यातच तुमच्या डॉक्टरांना भेटा. भेटल्यावर "डोकं दुखतं" एवढंच सांगू नका. ती नागमोडी चमचम, ती किती मिनिटं टिकते, कुठून सुरू होऊन कुठे जाते, हे सगळं सांगा. चार वर्षांपूर्वी तुम्हाला हे कुणी विचारलंच नसेल, आणि त्यात तुमची चूक नाही.

आपल्याकडे अर्धशिशीला पित्त म्हणतात. उलटी झाली की बरं वाटतं, म्हणून ते पित्त. त्यामुळे डॉक्टरांनी "मायग्रेन आहे का?" असं विचारलं तर बाई प्रामाणिकपणे "नाही" म्हणते आणि गोळ्यांची चिठ्ठी लिहिली जाते. मीही कित्येक वर्षं एवढाच प्रश्न विचारत होते. एका शिक्षिकेमुळे तो बदलला.

ती २९ वर्षांची होती, गोळ्या संपल्या म्हणून नवी चिठ्ठी घ्यायला आली होती. बोलता बोलता म्हणाली, चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक, हजेरी घेताना मधलीच नावं दिसत नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून डोळे ठीक असल्याचं सांगितलं होतं. मी तिच्यापुढे केसपेपर उलटा ठेवला आणि म्हटलं, काय दिसतं ते काढून दाखव. तिने मधोमध एक छोटा ठिपका काढला, तिथली अक्षरं गायब व्हायची. त्याच्याभोवती दातेरी कडेची चंद्रकोर काढली. ही कड लखलखत डावीकडे सरकायची, मोठी होत जायची आणि पंचवीस मिनिटांत नजरेच्या बाहेर निघून जायची. एक डोळा झाकला तरी दिसायचीच. अर्ध्या तासाने उजवी बाजू ठणकायला लागायची आणि मग उलटी.

हा ऑरा. तो डोळ्यात घडत नाही. मेंदूच्या मागच्या भागात, जिथे आपण पाहिलेलं उमगतं तिथे, पेशींच्या विद्युत हालचालीची एक लाट पसरत जाते. तिचा वेग मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर असतो. म्हणूनच चमचम अशी सावकाश सरकते. लाट पुढे गेल्यावर मागे त्या भागातला रक्तपुरवठा काही काळ कमी होतो. पक्षाघात असा सरकत येत नाही. त्यात दिसणं, बोलणं किंवा हाताची ताकद एका क्षणात जाते, आणि लखलखाटाऐवजी बहुधा नुसतं काळं किंवा रिकामं होतं. तसं झालं, तोंड वाकडं झालं, शब्द सापडेनासे झाले किंवा चमचम तासाभरात गेली नाही, तर त्याला पित्त म्हणून घरी झोपून राहायचं नाही. लगेच मोठ्या दवाखान्यात जायचं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

गोळीतलं एस्ट्रोजेन यकृतातून जाताना रक्त गोठवणारे घटक वाढवतं आणि गोठणं आवरणारे काही घटक कमी करतं. काही बायकांचा रक्तदाबही चढतो. ऑरा असणाऱ्या बाईच्या मेंदूचा रक्तपुरवठा मुळातच अधूनमधून मंदावत असतो. त्यात रक्त गोठायला जास्त तयार असलं, तर दोन्ही मिळून धोका वाढवतात. २०१७ साली युरोपातल्या डोकेदुखी आणि गर्भनिरोधन या दोन्ही क्षेत्रांतल्या तज्ज्ञांच्या संस्थांनी एकत्र बसून अंदाज मांडला. अर्धशिशी नाही आणि गोळीही नाही, अशा एक लाख तरुण बायकांमध्ये गुठळीचा पक्षाघात वर्षाला अडीच जणींना होतो. नुसता ऑरा असेल तर सुमारे सहा जणींना, नुसती गोळी असेल तरीही सुमारे सहा जणींना. दोन्ही एकत्र असतील तर सदतीस जणींना.

सदतीस हा आकडा छोटा आहे, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. लाखातल्या ९९,९६३ जणींना त्या वर्षी काहीच होणार नाही. गरोदरपणाबद्दलही तुमचं म्हणणं निराधार नाही. लाख गरोदरपणांमागे साधारण तीस पक्षाघात होतात, म्हणजे आकडे जवळजवळच आहेत. पण गरोदरपण नऊ महिन्यांचं आणि आपल्या इच्छेचं असतं. गोळी मात्र वर्षानुवर्षं चालते आणि वय वाढेल तसा तिचा धोका चढत जातो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुमच्यापुढे "गोळी की दिवस जाणं" हे दोनच रस्ते नाहीत. एस्ट्रोजेन नसलेली, गोळीइतकीच किंवा तिच्याहून पक्की साधनं उपलब्ध आहेत. रोजच्या आयुष्यात गोळी चुकते, विसरते. त्यामुळे ती वापरणाऱ्या शंभर जणींपैकी सुमारे सात जणींना वर्षभरात दिवस जातात. तांबी बसवलेल्या शंभर जणींमध्ये एकीलाही क्वचितच. पक्षाघाताचा धोका न वाढवणारं साधन हाताशी असताना लाखात सदतीस हा धोका उचलायचा कशासाठी? माझं म्हणणं एवढंच होतं.

'लो डोस'बद्दल. पूर्वी गोळ्यांत ५० मायक्रोग्रॅम एस्ट्रोजेन असायचं, आता ३० किंवा २० असतं. सरकारी 'माला-एन'मध्ये ३० असतं. मात्रा उतरल्यामुळे धोका कमी झाला, हे खरं आहे. आजच्या अगदी कमी मात्रेच्या गोळ्या ऑरा असलेल्या बायकांना चालाव्यात असं मानणारे काही डोकेदुखीतज्ज्ञही आहेत. पण ऑरा असलेल्यांसाठी अमुक मात्रा सुरक्षित असं अजून सिद्ध झालेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात ऑरा आणि एस्ट्रोजेनची गोळी ही जोडी कोणत्याही वयात चौथ्या वर्गात येते. चौथा वर्ग म्हणजे वापरू नये. तुमच्या डॉक्टरांनी 'काही होत नाही' म्हटलं ते ऑराविषयी माहिती नसताना. तेवढी माहिती असती तर त्यांनीही बहुधा वेगळंच सांगितलं असतं. पीसीओएसच्या काही गोळ्यांत ३५ मायक्रोग्रॅम असतं, म्हणून पाकिटावर 'एथिनिल एस्ट्राडायॉल', म्हणजे हेच एस्ट्रोजेन, किती आहे ते एकदा वाचून बघा.

यातून अर्धशिशी असणाऱ्या प्रत्येकीने गोळी सोडावी, असं मात्र कुणी समजू नये. ऑरा नसलेली अर्धशिशी, पस्तिशीच्या आतलं वय, रक्तदाब ठीक, तंबाखू नाही, अशा बाईला विचार करून गोळी देता येते. गोळ्यांच्या मधल्या सात दिवसांत एस्ट्रोजेन एकदम उतरल्यामुळे होणारी डोकेदुखीही वेगळी. तंबाखूत मिश्री धरायची, बरं का. त्या शिक्षिकेला मी "तंबाखू खाता का?" विचारलं तेव्हा ती नाही म्हणाली होती. ती दिवसातून दोनदा मिश्री लावायची. रक्तदाब १३६/८८ होता.

आणखी एक गोष्ट मी मूळ लेखात लिहायला हवी होती. गणपतीला, लग्नकार्याला पाळी पुढे ढकलायच्या ज्या गोळ्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणल्या जातात, त्या नॉरएथिस्टेरॉनच्या. पाकिटावर एस्ट्रोजेनचं नाव नसतं. पण ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा घेतली की शरीरात तिच्या थोड्या भागाचं एथिनिल एस्ट्राडायॉल होतं, जवळजवळ रोजच्या एका गर्भनिरोधक गोळीइतकं. ऑरा असेल तर पाळी पुढे ढकलण्यासाठी दुसरं औषध डॉक्टरांकडून लिहून घ्यावं.

आता तुमचं काय करायचं ते. तुम्हाला एक-दोन वर्षांत मूल हवंय, म्हणून मला सगळ्यात आधी ७५ मायक्रोग्रॅम डेसोजेस्ट्रेलची गोळी आठवते. तिच्यात एस्ट्रोजेन नसतं, फक्त प्रोजेस्टोजेन हे दुसरं हार्मोन असतं, ती बीज सुटू देत नाही, आणि थांबवली की लवकरच दिवस राहू शकतात. ती खंड न पाडता रोज एकाच वेळी घ्यायची, मध्ये सात दिवसांची सुट्टी नाही. बारा तासांपेक्षा उशीर झाला तर ती चुकली असं धरायचं. पहिले काही महिने डाग पडतील, अवेळी रक्तस्राव होईल. ज्या बायका ती सोडतात, त्या बहुधा याच कारणाने, म्हणून आधीच सांगून ठेवते. पुरळ थोडे वाढतील, कारण एस्ट्रोजेनच्या गोळीचा तो फायदा आता मिळणार नाही. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांची लावायची औषधं वेगळी घ्यावी लागतील.

तांबीत हार्मोन नसतंच, त्यामुळे ऑराच्या दृष्टीने तिच्याइतकं निर्धास्त साधन नाही. पण पीसीओएसमध्ये पाळी तीन-तीन महिने येत नसेल तर गर्भाशयाच्या आतलं अस्तर जाड होत जातं आणि तांबी ते थांबवत नाही. शिवाय तिने रक्तस्राव वाढतो. हार्मोनची छोटी नळी असलेलं टी-आकाराचं साधन हे अस्तर पातळ ठेवतं. त्या शिक्षिकेला पाळीत फार जायचं, म्हणून आम्ही तेच बसवलं. सहा महिन्यांनी ती आली तेव्हा रक्तदाब १२२/८० होता. चमचम महिन्यातून दोनदा यायची, ती त्या सहा महिन्यांत दोनदाच आली होती. मिश्री सुटायला मात्र वर्ष लागलं.

सरकारी दवाखान्यात मिळणारं 'अंतरा' इंजेक्शन तुमच्यासाठी नको. ते तीन महिन्यांनी घ्यायचं असतं आणि सोडल्यावर दिवस राहायला बऱ्याचदा कित्येक महिने जातात. 'छाया' गोळीत एस्ट्रोजेन नाही, पण पीसीओएस असलेल्यांना ती देत नाहीत.

चालू पाकिटात गोळ्या विसरल्या असतील आणि गेल्या चार-पाच दिवसांत संबंध आला असेल, तर लिव्होनॉरजेस्ट्रेलची तातडीची गोळी जितकी लवकर घ्याल तितकी उपयोगी. तिच्यात एस्ट्रोजेन नसतं, ऑरा असतानाही चालते. डॉक्टरांकडे जाताना रक्तदाब मोजून घ्या आणि पुढच्या वेळी चमचम आली की घड्याळ बघून एका कागदावर तिचं चित्र काढा. तो कागद सोबत न्या.