साठ रुपयांची वही

चित्रकलेत माझी मजल दोन डोंगर, त्यांमधला अर्धा सूर्य आणि तिथून थेट घराच्या दारात येणारी नदी यांपलीकडे कधी गेली नाही. त्यामुळे आमच्या नववीतल्या कन्येने यंदा जलरंगात हात घालायचे ठरवले, तेव्हा तिला साहित्य आणून देण्याची जबाबदारी माझ्याकडे यावी, यात घरातल्या इतरांचा निष्काळजीपणाच दिसतो.

नवी पेठेतल्या दुकानदाराने मला पाहताक्षणी ओळखले; म्हणजे मला नव्हे, माझ्यातल्या अज्ञानाला. ‘‘सर, पोरगी खरंच काढती ना? मग चांगलंच घ्या की,’’ असे म्हणत त्याने व्यावसायिक चित्रकारांची चोवीस ट्यूबांची पेटी उघडली आणि पाठोपाठ काचेच्या कपाटातून एक ब्रश काढला. सायबेरियाकडच्या मुंगसासारख्या एका प्राण्याच्या शेपटीचे केस त्यात आहेत, हे त्याने अशा आवाजात सांगितले की किंमत विचारणे मला असभ्यपणाचे वाटले. एकूण चार हजार रुपये झाले. एवढा खर्च झाल्यावर माझ्यातला काटकसरी माणूस जागा झाला आणि कागदाच्या बाबतीत मी ठाम राहिलो: साठ रुपयांची साधी चित्रकला वही. कागद तो कागद, त्यात काय पाहायचे?

काय पाहायचे, ते त्याच संध्याकाळी दिसले. कन्येने सिद्धेश्वर तलावाचे पाणी रंगवायला घेतले. निळ्या रंगाचा पहिला हात बसताच कागद फुगला, खोलगट जागी रंगाची डबकी साचली आणि उंचवटे कोरडे पडले. डाग सारखा करण्यासाठी तिने ब्रश दोनदा फिरवला, तेव्हा कागदाचा लगदा बारीक गोळ्यांच्या रूपाने वर आला. तलावात शेवाळ आले आहे असे मी म्हणालो. ते कोणालाही आवडले नाही.

दुसऱ्या दिवसापासून निराळीच पंचाईत झाली. रंग महागाचे, म्हणून ती ट्यूबमधून मोहरीएवढा रंग काढी आणि त्यात इतके पाणी घाली की चित्र आहे की नाही हे उजेडाकडे धरून पाहावे लागे. पुढे पेटी चादरीत गुंडाळून कपाटात गेली आणि पोरगी पुन्हा पेन्सिलीकडे वळली.

अखेर तिच्या चित्रकलेच्या सरांकडे गेलो. त्यांनी काही न बोलता माझ्या महागड्या ट्यूबमधला निळा रंग आमच्या वहीवर लावला आणि स्वतःकडच्या विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त ट्यूबमधला निळा एका जाड कागदावर. महागडा रंग वहीत जिरून मळकट झाला. स्वस्त रंग कागदावर सावकाश पसरून एकसारखा वाळला. ‘‘जलरंगात पांढरा रंग म्हणजे कागदच असतो,’’ सर म्हणाले, ‘‘आणि तोच तुम्ही सोडून आलात.’’

मग त्यांनी हिशेब समजावला. कागदाचा जाडपणा ‘जीएसएम’मध्ये, म्हणजे एका चौरस मीटरचे वजन किती ग्रॅम, असा मोजतात. पाणी भरपूर वापरायचे असेल तर 300 जीएसएमचा, किंचित खरखरीत कागद घ्यावा. मात्र शंभर टक्के कापसाचा नको, कारण तो महाग पडतो आणि शिकणारा हात त्याला घाबरतो. 22 बाय 30 इंचांचा एक मोठा ताव आणून त्याचे आठ तुकडे करावेत, म्हणजे एक तुकडा बिघडला तरी ताव बिघडल्याचे दुःख होत नाही. स्वस्त रंगांत रंगद्रव्य कमी आणि भरणी जास्त असते, त्यामुळे तीन-चार रंग एकत्र केले की चिखल लवकर होतो. पण दोनच रंग मिसळायची सवय लागेपर्यंत बारा ट्यूब पुष्कळ झाल्या. ब्रश कृत्रिम केसांचे दोनच घ्यावेत, चार आणि दहा नंबरचे गोल. घेताना ब्रश पाण्यात बुडवून झटकावा. टोक आपोआप जुळले तर ठीक, दोन मिशा फुटल्या तर परत ठेवावा. शेवटची सूचना खास सोलापूरकरांसाठी होती: मे महिन्यात दुपारी आकाश रंगवू नये, कारण वरचा रंग खालचा हात फिरण्याआधीच वाळतो आणि आकाशाला काठ-पदर दिसू लागतात.

पुन्हा नवी पेठेत गेलो. दोन ताव, बारा ट्यूब आणि दोन ब्रश मिळून सहाशेच्या आत काम झाले. झटकण्याच्या परीक्षेत दुकानदाराचा शर्ट भिजला, त्याबद्दल मी पुरेशी दिलगिरी व्यक्त केली नाही.

आता कन्या पहाटे पाच वाजता तलाव रंगवते आणि निःसंकोच बिघडवते. ती महागडी पेटी तिच्या इंटरमिजिएट परीक्षेनंतर उघडायची ठरली आहे. मुंगसाच्या भावकीतला तो ब्रश मात्र सौभाग्यवतींनी देवघरात नेला. बाळकृष्णाच्या मुकुटातली धूळ झाडायला त्याच्यासारखे मऊ काही नाही, असे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. ते केस कुठले आहेत, हे मी घरात अजून बोललेलो नाही.