मनाच्या कोपऱ्यात जागा नाही

इंदूरात कुणी मराठी माणूस सकाळी पोहे-जलेबी घेऊन दारात आला तर दोनच शक्यता असतात, एकतर मुलीचं लग्न ठरलंय नाहीतर कविता झालीय. खालच्या मजल्यावरच्या काकांच्या मुलीचं लग्न कधीच झालंय, काकू तिच्याच बाळंतपणाला पुण्याला गेल्यात. म्हणजे कविताच.

"स्पष्ट सांग हं, मला वाईट नाही वाटत," काका म्हणाले. हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळाच येतो.

काकांनी चाल लावून म्हटलं, "तुझ्या आठवणी । दाटून येतात । मनाच्या कोपऱ्यात । हळुवार". मोठा अभंग, म्हणजे सहा-सहा-सहा-चार अक्षरं आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. यमक चोख होतं पण तिसऱ्या चरणात काहीतरी अडखळत होतं, आणि काका गाऊन दाखवत होते म्हणून ते लपत होतं, चालीत काय कितीही ओढता येतं. मी म्हटलं, न गाता साधं वाचा. मग बोटांवर मोजलं, म-ना-च्या-को-प-ऱ्या-त, सात.

"जोडाक्षर आहे ना, ते अर्धं धर!"

अहो काका, अक्षरछंदात जोडाक्षर एकच धरतात, ऱ्हस्व-दीर्घही बघत नाहीत, याहून स्वस्त हिशोब कुठे मिळणार. "संतांच्या अभंगातही कमीजास्त असतं," काका म्हणाले. ते खरंय, पण तिथे म्हणणाऱ्याचा श्वास ते सांभाळून घेतो, इथे पाय मुरगळत होता. काकांनी लगेच "मनकोपऱ्यात" केलं. सहा! आणि माझ्याकडे असं बघितलं की आता टाळ्या वाजव.

लय जमली, पण कोपऱ्याचं काय? त्या कोपऱ्यात आजवर इतक्या आठवणी दाटल्यात की आता तिथे मोरपीस ठेवायलाही जागा नाही. माझं म्हणणं एवढंच होतं की ही ओळ कुणाच्याही बायकोला लागू पडते, काकू त्यात दिसत नाहीत.

काका गप्प बसले, पोह्यांवर शेव टाकली आणि सहज बोलले, "ती गेल्यापासून जिरावनाचा डबाच उघडला नाही रे, तिचा चमचा आत तसाच आहे."

मी उडालोच! हीच की कविता! तिथल्या तिथे वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं:

जिरावन डबा । उघडला नाही ।
तिचा चमचाही । आत तसा ॥

मोजा, सहा-सहा-सहा-चार, यमकही आलं, आणि हळुवार न म्हणता हळुवार झालं. काकांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "मसाल्यावर कविता? बरं दिसत नाही." पण कागद मात्र खिशात घातला.

संध्याकाळी त्यांनी काकूंना फोनवर वाचून दाखवली. मी जिन्यात होतो. काकूंचा आवाज स्पीकरवर, "चमचा आत ठेवलाय? पावसाळ्यात? गोळे होतील त्याचे!"

रात्री काकांनी सुधारित आवृत्ती पाठवली: "तिचा चमचाही । हळुवार". अक्षरं बरोबर चार, त्यामुळे मला बोलायची सोयच राहिली नाही.