टेबलाला पोट सुटतं तेव्हा

टेबलाच्या लाकडी फळीचा वाळवीने फडशा पाडला आणि मागे लोखंडी स्टँड तेवढा उरला. दोन टोकांना दोन चौकटी, त्यांना खालून जोडणारी एक पट्टी, आणि मधे 1300 मिलिमीटरची मोकळी हवा. "यावर काच टाकू," असं मी जाहीर केलं. बायकोने एकदा माझ्याकडे आणि एकदा त्या मोकळ्या हवेकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला चार आठवड्यांनी कळला.

मी आधी अभ्यास केला. माझी सगळी संकटं इथूनच सुरू होतात. अभ्यासातून एक वाक्य हाती लागलं : टफन काच साध्या काचेपेक्षा चार ते पाचपट मजबूत असते. झालं! साधी काच घेतली तर जाड लागणार, मग टफन असेल तर पातळ चालेल, हे गणित पहिलीतलं पोरही करेल. (पहिलीतल्या पोराला टेबल घ्यायचं नसतं, हा भाग वेगळा.) मी 1500 बाय 750 ची, 6 एमएम जाडीची टफन काच मागितली.

काचवाल्याने स्टँडचा फोटो पाहिला. "साहेब, दहा घ्या."

"टफनच घेतोय ना! चारपट मजबूत!"

"तुटणार नाही ती. पण डुलेल."

मी मंद हसलो. अभ्यास केलेला माणूस अभ्यास न केलेल्याकडे पाहून हसतो, तसं. त्यानेही वाद घातला नाही. माझ्यासारखे त्याच्याकडे रोज येत असावेत.

काच आली, सतरा किलोची. एका मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर काचेचं वजन अडीच किलो भरतं, त्यावरून कोणालाही काढता येईल. स्टँडवर ठेवली आणि वर पेन्सिल टाकली. पेन्सिल गोल होती. ती शांतपणे घरंगळत मधोमध गेली आणि थांबली. दुसरी टाकली, तीही तिथेच. खोडरबर तेवढं जागेवर राहिलं, कारण त्याला कोपरे आहेत. मी दोरी ताणून मापलं : नुसत्या स्वतःच्या वजनानेच काच मधे चार मिलिमीटर खाली आली होती. टेबलाला पोट सुटलं होतं.

मग मी मधोमध कोपरं टेकून बसलो. साधारण 30 किलोचा भार पडला असेल, आणि काच आणखी चौदा मिलिमीटर खाली गेली. टाइप करायला लागलो की समोरचा स्क्रीन मान डोलवायचा, जणू मी लिहितोय ते सगळं त्याला पटतंय. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, पण तासाभरात मळमळायला लागायचं.

मी काचवाल्याकडे गेलो. फसवणुकीचा आरोप तोंडावरच होता. "ही टफन आहेच कशावरून?"

त्याने काचेच्या कोपऱ्यातला शिक्का दाखवला. तेवढ्याने माझं समाधान होईना, तेव्हा माझ्या खिशातला पोलराइज्ड गॉगल घालून काचेत पडलेलं आकाशाचं प्रतिबिंब तिरकं बघायला सांगितलं. काचेवर पुसट काळे ठिपके ओळीने दिसले. भट्टीतून बाहेर आल्यावर गार हवेचे झोत जिथे जिथे लागले, त्यांच्या त्या खुणा. साध्या काचेत दिसत नाहीत.

मग त्याने मला शिकवलं. टफन करायचं म्हणजे साधीच काच सहाशे अंशांच्या वर तापवायची आणि वरून-खालून गार हवा मारायची. बाहेरची कातडी आधी घट्ट होते, आतलं नंतर आकसतं आणि कातडीला आत ओढून धरतं. काच तुटते ती पृष्ठभागावरची बारीकशी चीर उघडली की. इथे कातडीच दाबून धरलेली, त्यामुळे चीर सहजी उघडत नाही. "मजबुती ती. पण आत काच तीच ना, साहेब? वाकायला टफन नि साधी दोघी सारख्याच. वाकणं थांबवायचं तर जाडी लागते. जाडी दुप्पट केली की त्याच भाराखाली वाकणं आठ पटींनी कमी."

म्हणजे माझ्या चारपट मजबूत काचेची खासियत एवढीच, की ती न तुटता पोटभर वाकत होती. याला काटकपणा म्हणतात. मला हवा होता ताठपणा. घरात दोन्ही एकाच माणसात सापडत नाहीत, हे मला लग्नानंतर कळायला हवं होतं.

तरीही मी काच बदलली नाही. पैसे मोजलेल्या चुकीवर माणसाचा जीव जडतो. वायरी खाली सोडायला एक भोक पाडून घेऊ, म्हणजे निदान काही तरी सुधारेल, असं मी ठरवलं. मेहुणा ड्रिल घेऊन आला. "दाजी, काचेचा बिट आहे, पाणी टाकत टाकत जाऊ, पाच मिनिटांचं काम." काम पाच मिनिटांत झालंही. टफन काचेची दाबलेली कातडी दोन्ही बाजूंना जाडीच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढी असते. म्हणजे आमच्या काचेत सव्वा मिलिमीटरच्या आसपास. बिट त्याच्या पलीकडे, आतल्या ताणलेल्या भागात पोचला मात्र, फाट्कन आवाज झाला आणि टेबल गेलं. तडा नाही, तुकडा नाही, अख्खं टेबल. आम्ही दोघे गॉगल लावून, हातात ड्रिल धरून, हवेवर वाकून उभे होतो.

रक्त आलं नाही. साध्या काचेच्या सुऱ्या पडल्या असत्या आणि माझी मांडी बरोबर खाली होती. इथे बोटाच्या पेराएवढे बोथट खडे पडले, सतरा किलो. बायकोने ते बादल्यांनी भरले आणि बादल्या मोजल्या. बोलली काहीच नाही.

"भोक, काप, कोपरा गोल करणं, सगळं भट्टीच्या आधी," काचवाला म्हणाला. ते त्याने आधीही सांगितलं असणार. या वेळी मी 10 एमएम टफन सांगितली. 28 किलो. स्वतःच्या वजनाने दीड मिलिमीटर झुकते, कोपरं टेकली की आणखी तीन. 10 एमएमची साधीही तेवढीच वाकली असती, पण सुऱ्यांची आठवण ताजी होती. शहाणपणाच्या भरात मी खिडकीलाही टफन सांगायला गेलो, तर त्याने थांबवलं : चारही कडा चौकटीत धरलेली, कमरेच्या वरची छोटी खिडकी, तिला साधी 5 एमएम पुरते. जमिनीपासून सुरू होणारी खिडकी किंवा दार असतं तर गोष्ट वेगळी होती.

भोकाचं चित्र मीच काढून दिलं. मागचा उजवा कोपरा, कडेपासून दहा मिलिमीटर. त्याने ते खोडलं. भोकाची कड काचेच्या कडेपासून जाडीच्या निदान दुप्पट लांब हवी, नाहीतर भट्टीतच फुटते. मी निमूट लांब सरकवलं.

काच आली, दोघांनी धरून ठेवली. पेन्सिल टाकली, ती जागची हलली नाही. मी आनंदाने खाली वाकलो. वायरी उजवीकडे होत्या आणि भोक डावीकडे. चित्र काढताना मी टेबलाच्या मागे उभा होतो.

काचवाल्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मदतनिसाला म्हणाला, "उचल, पालथी कर." दोघांनी काच डावी-उजवीकडे उलटली आणि भोक उजवीकडे आलं. आता कोपऱ्यातला टफनचा शिक्का उलटा वाचावा लागतो. टेबलाखाली घुसून बघितलं तर सरळ दिसतो.